मदत हवी आहे: लाडकी बहीणचा अर्ज मंजूर, पण काकूंच्या पासबुकात एकही हप्ता नाही

झेरॉक्सवाली_ताई

नमस्कार मंडळी. अमळनेर तालुक्यातल्या एका गावात घराच्या ओट्यावरच माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं काम चालतं. एक कॉम्प्युटर, एक प्रिंटर, एवढंच. ऑगस्ट 2024 मध्ये गल्लीतल्या बऱ्याच बायकांचे लाडकी बहीणचे अर्ज मी भरले. बाकी सगळ्यांना पैसे आले. दिवाळीच्या आधी ऑक्टोबर-नोव्हेंबरचेही आले. राहिल्या फक्त एक काकू.

काकूंचा अर्ज Approved दिसतो. नाव आधारप्रमाणे, खाते क्रमांक पासबुकावरून दोनदा ताडून टाकलेला. पासबुकाची पहिल्या पानाची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे, अर्जाच्या प्रिंटवरचा आकडा तिच्याशी जुळतो. काकू बँकेत तीनदा जाऊन आल्या. दर वेळी पासबुक भरून दिलं, जमा काहीच नाही. आणि शाखेतले सांगतात की आधार लिंक आहे.

परवा बाजाराच्या दिवशी त्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मना पैसा कथा ग्यात व माय?" त्यांनी आरोप केला नाही. पण त्यांची जाऊ गावभर सांगते आहे की मी माझा खाते नंबर टाकला. रात्री झोप लागत नाही हो. पैसे नेमके कुठे गेले हे कसं शोधायचं? त्यांच्या आधारला मोबाइल मुलाचा आहे, आणि तो सुरतला मिलमध्ये कामाला.

पारोळेकर

ताई, अर्जात एडिट करून दुसरा खाते नंबर टाका. माझ्या वहिनीचं असंच झालं होतं. दुसऱ्या बँकेचं पासबुक लावलं आणि पुढच्या महिन्यात पैसे आले.

सातपुड्याचा

सरकारने हा फॉर्म फुकट भरायचा सांगितलाय. तुम्ही पैसे घेतलेच कशाला? आता निस्तरा.

झेरॉक्सवाली_ताई

दादा, फॉर्म भरण्याचा एक रुपया घेतला नाही. झेरॉक्स आणि प्रिंटचे वीस रुपये घेतले, कागद आणि शाई मला विकत आणावी लागते. आणि माझा प्रश्न पैसे कुठे गेले हा आहे.

पारोळेकर भाऊ, अर्ज मंजूर झाल्यावर मला एडिट दिसत नाही.

निवृत्त_कॅशियर_धुळे

ताई, एडिट दिसलं असतं तरी उपयोग नव्हता. पारोळेकरांच्या वहिनींचे पैसे आले ते खाते नंबर बदलल्यामुळे नव्हेत. बहुतेक नवीन खातं उघडताना त्या बँकेने आधार जोडून दिला असणार.

हे पैसे अर्जातल्या खाते नंबरवर जातच नाहीत, ते आधार नंबरवर पाठवले जातात. कोणता आधार कोणत्या बँकेला जोडलाय याची एक यादी एनपीसीआयकडे असते, तिला आम्ही मॅपर म्हणायचो. त्या यादीत एका आधारासमोर एकाच बँकेचं नाव राहतं. खाते नंबर त्यात नसतो, फक्त बँक. पैसे त्या बँकेकडे पोचतात आणि ती बँक आपल्याकडच्या आधार जोडलेल्या खात्यात टाकते. नंतर दुसऱ्या बँकेने त्याच आधारासाठी यादीत आपलं नाव चढवलं की पहिल्या बँकेचं नाव तिथून जातं. ग्राहकाला बऱ्याचदा पत्ताही लागत नाही.

आता शाखेतले "लिंक आहे" म्हणतात तेही खोटं नाही. खात्याच्या केवायसीत आधार चढलेला आहे, म्हणून त्यांच्या स्क्रीनवर लिंक दिसतो. पण अनुदानासाठी मॅपरमध्ये त्यांच्याच बँकेचं नाव आहे का, हा प्रश्न वेगळा आहे आणि काउंटरवर गर्दीत तो कुणी विचारत नाही. मी स्वतः बत्तीस वर्षं काउंटरवर बसलोय, म्हणून सांगतो.

तुम्ही एक करा. myaadhaar.uidai.gov.in उघडा, काकूंचा आधार नंबर आणि कॅप्चा टाका. ओटीपी मुलाकडे जाईल, म्हणून आधी त्याला फोन लावून ठेवा, जेवणाच्या सुट्टीत म्हणजे तो मोकळा असेल. ओटीपी त्याने फोनवरच वाचून सांगावा, व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवू नये. काकू शेजारी बसलेल्या असू द्या. आत गेल्यावर Bank Seeding Status उघडा. तिथे बँकेचं नाव, Active की Inactive आणि तारीख, एवढं दिसेल. त्याची प्रिंट काढा आणि लगेच लॉगआउट करा. तुमचा कॉम्प्युटर दहा जण हाताळत असतील.

केळीवाला_रावेर

माझंही बघा ना कॅशियर साहेब. पीएम किसानचे दोन हजार मागच्या दोन वेळा आले नाहीत. सातबारा माझ्या नावावर आहे, वडील वारल्यावर वारस नोंद झाली. हेच कारण असेल का?

निवृत्त_कॅशियर_धुळे

भाऊ, बँक एकदा तपासाच, पण वारस नोंदीनंतर अडलं असेल तर आधी पीएम किसानच्या स्टेटसमध्ये Land Seeding आणि e-KYC समोर काय लिहिलंय ते बघा. तिथे No असेल तर बँकेत फेऱ्या मारून काही होणार नाही. वेगळा धागा काढा, इथे ताईंचं राहू द्या.

झेरॉक्सवाली_ताई

दुपारी दीडला मुलाला फोन लावला, ओटीपी पहिल्याच वेळी लागला. कॅशियर काका, तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

स्क्रीनवर Active आहे, पण बँक भलतीच! पासबुक आहे ती बँक नाहीच. तारीख मे 2024 ची, म्हणजे अर्ज भरण्याच्या तीन महिने आधीची. काकूंना ते नाव वाचून दाखवलं तर त्या म्हणाल्या, या नावाची बँक मी पाहिलीच नाही. मग मी मे महिन्यात काय काय झालं ते विचारत बसले. लग्नसराई, नातवाचं जावळ, असं करत करत आठवलं. मंदिराच्या पाराजवळ दोन पोरं टेबल टाकून बसली होती. विनापैशांचं खातं, एक कार्ड मिळेल म्हणून सांगत होती. काकूंनी आधार दिला, दोनदा अंगठा लावला. कार्ड मिळालं ते घरी देवघरात, लक्ष्मीच्या फोटोमागे ठेवलेलं. मोबाइल कुणाचा दिला ते त्यांना आठवत नाही.

कार्ड आणलं. त्यावर तेच नाव! आता त्या खात्यात पैसे आहेत का हे कसं बघू? गावात त्यांची शाखा नाही.

सीएससी_नंदुरबार

ताई, तुमच्या गावात किंवा शेजारी कुणाकडे अंगठ्याचं मशीन असेलच, ज्यावर लोक पैसे काढतात. तिथे काकूंना घेऊन जा, बँक निवडताना स्क्रीनवर दिसलेलीच बँक निवडायला सांगा आणि मिनी स्टेटमेंट काढा. आधी पैसे काढू नका, नुसतं स्टेटमेंट. कागद निघाला की तो काकूंच्या हातात द्या.

आमच्याकडे धडगावच्या बाजूला कष्टाने बोटं झिजलेली असतात, अंगठा पटकन लागत नाही. एक बोट नाही चाललं तर दुसरं लावून बघा. बोटं धुऊन कोरडी पुसून घ्यायची, मशीनची काचही पुसायची.

झेरॉक्सवाली_ताई

निघाले!!

उजवा अंगठा तीनदा फेल गेला, डाव्या हाताच्या मधल्या बोटावर लागलं. स्टेटमेंटमध्ये दोनच जमा नोंदी आहेत, एक 4,500 ची आणि एक 3,000 ची. साडेसात हजार जसेच्या तसे, एक रुपया कुणी हलवलेला नाही. गल्लीतल्या ज्या बायकांचे अर्ज मी त्याच आठवड्यात भरले त्यांनाही एवढेच आलेत.

काकूंनी तो चिठ्ठीएवढा कागद घडी करून पदराच्या गाठीत बांधला. जावेला मीच दाखवते म्हणाल्या.

आता विचारायचं ते असं: पुढचे हप्ते त्यांच्या नेहमीच्या बँकेत यावेत असं त्यांना वाटतं, कारण ती शाखा बाजाराच्या रस्त्यावर आहे. त्यासाठी नेमकं काय मागायचं? आणि जमा झालेले साडेसात हजार आपोआप तिकडे जातील का?

निवृत्त_कॅशियर_धुळे

आपोआप जाणार नाहीत. जे आलं ते त्याच खात्यात राहील, अंगठ्यावर काढून घ्यावं लागेल. काकूंना गरज असेल तेव्हा, त्यांच्याच हाताने.

नेहमीच्या शाखेत जाऊन "आधार लिंक करा" असं म्हणू नका, ते पुन्हा झालेलंच आहे म्हणतील. "डीबीटीसाठी एनपीसीआय सीडिंग करायचंय, सध्या दुसऱ्या बँकेत आहे, तिथून इकडे आणायचंय" असं म्हणा. संमतीचा एक पानी फॉर्म असतो. त्यात आधीच्या बँकेचं नाव लिहायची जागा असते, तिथे स्क्रीनवर दिसलं ते नाव अगदी तसंच लिहा. काढलेली प्रिंट सोबत लावा. ती जागा रिकामी सोडल्यामुळे विनंती अडकलेली मी पाहिली आहे. पोच घ्या. काही दिवसांनी पुन्हा तेच स्टेटस बघा, बँकेचं नाव बदललेलं दिसलं म्हणजे झालं. ते बदलेपर्यंत हप्ता आला तर जुन्याच ठिकाणी पडेल, तेव्हा घाबरू नका.

पारोळेकर

म्हणजे पासबुक जोडायला सांगतात ते उगाच?

सीएससी_नंदुरबार

उगाच नाही, नावाची पडताळणी त्यावरून होते. पण पैसे कुठे जातील ते पासबुकावरून ठरत नाही. आमच्याकडे एक जण पतसंस्थेचं पासबुक घेऊन आला होता. पतसंस्था त्या यादीतच नसते, तिथे हे पैसे येऊच शकत नाहीत.

मी आता कोणताही अनुदानाचा फॉर्म हातात घेण्याआधी सीडिंग बघतो. बँकेचं नाव आणि तारीख गिऱ्हाइकासमोर फॉर्मच्या प्रिंटमागे पेनने लिहितो आणि त्यांची सही किंवा अंगठा घेतो. आधार नंबर माझ्या वहीत लिहून ठेवत नाही. पाच-सात मिनिटं जास्त लागतात. आधारला मोबाइल नसेल तर आधी आधार केंद्रावर मोबाइल जोडून या म्हणून परत पाठवतो. लोक रागावतात. पण नंतर दारात येऊन पैसे मागत नाहीत.

झेरॉक्सवाली_ताई

हे मी आजपासूनच करते. शाखेतला फॉर्म सोमवारी देणार, बदललं की इथे सांगेन.

अजून एक राहिलं आहे. आज काकूंचं कळल्यावर दुसरी एक बाई आली, वेगळ्या गल्लीतली. तिचंही बघितलं. तिचं Active आहे, बँकही तिचीच, तारीख जुनी. अर्ज Approved. तरी एकही हप्ता नाही. तिचा अर्ज मी भरलेला नाही, पण तिला नाही म्हणवलं नाही.

निवृत्त_कॅशियर_धुळे

खातं किती दिवसांत वापरलं नाही ते विचारा. बंद पडल्यासारखं झालं असेल किंवा केवायसी राहिली म्हणून रोखलं असेल तर पैसे परत फिरू शकतात. त्याच बँकेत तिची दोन खाती आहेत का तेही बघा, जुन्या दुसऱ्या खात्यात पडले असतील.

झेरॉक्सवाली_ताई

खातं एकच आहे, आणि कापूस विकल्याचे पैसे दिवाळीत त्यातच आले. केवायसीचं उद्या शाखेत विचारायला पाठवते. अजून कुणाला असं आलंय का?