मदत हवी आहे: गावातल्या तरुणांचा फुगवटा मोजायचा कसा?

सुषमा_खानापूर
नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका गावात हायस्कूलवर शिकवते. मागच्या ग्रामसभेत एक जण म्हणाले, "गावात पोरं फार झालीत, काम नाही, उद्या डोकी फुटतील." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला ते पटलं नाही, पण खोडूनही काढता आलं नाही. आता पुढच्या सभेसाठी पंचायतीनं माझ्याकडेच दोन पानांचं टिपण मागितलंय.

म्हणून दिवाळीच्या सुट्टीत दहावीच्या मुलांना घेऊन घरोघर मोजणी केली. एकूण 1,240 माणसं. 15 वर्षांखालची 248, 15 ते 24 वयाची 252, 25 ते 29 ची 118, 30 ते 59 ची 460 आणि साठीपुढची 162. 15 ते 24 वाल्यांना एकूण लोकसंख्येनं भागलं तर 20 टक्के येतात, 29 पर्यंत धरलं तर 30. फुगवटा म्हणजे लोकसंख्येत तरुणांचा वाटा मोठा होणं, तर तो मोजायला यातला खरा आकडा कोणता? आणि तो मोठा असला म्हणजे गावात अशांतता होणारच का?

निपाणीचा_बाळू
ताई, आपल्या देशात निम्मी लोकसंख्या तरुण आहे असं सगळीकडे छापून येतं. त्या मानानं तुमचे 30 टक्के कमीच झाले. आणि पुढे हे वाढतच जाणार, लोकसंख्या वाढतेच आहे की.

मोजपट्टी
सांख्यिकी खात्यात तीस वर्षं काढली, म्हणून लिहितो. बाळूराव, ते निम्मे म्हणजे ढोबळमानानं पंचविशी-तिशीच्या आतले सगळे. त्यात पाळण्यातली बाळंही आली. 15 ते 29 वयाचे देशात 2021 साली 27 टक्क्यांच्या आसपास होते आणि 2036 पर्यंत ते 23 च्या खाली जातील असा सरकारी अंदाज आहे. कर्नाटकात एका बाईमागे आता सरासरी दोनपेक्षा कमी मुलं होतात, त्यामुळे "वाढतच जाणार" हे बरोबर नाही.

सुषमाताई, भागायचं ते 15 वर्षांवरच्या माणसांनी. तुमच्याकडे ती 992 आहेत, म्हणजे 252 हे 25 टक्के झाले. कारण साधं आहे. तिसरीतलं पोर तुमच्या विद्यार्थ्याच्या नोकरीवर हक्क सांगत नाही. जिथे लहान मुलं खूप, तिथे एकूण लोकसंख्येनं भागलं की तरुणांचा वाटा उगीच लहान दिसतो.

पण या एका टक्क्यावर थांबू नका. तीन गोष्टी सांगा. 15 खालच्यांची पाच-पाच वर्षांची फोड, 55 ते 59 वयाचे किती, आणि मोजलेल्यांपैकी गावात राहत नाहीत असे किती?

सुषमा_खानापूर
सर, 0 ते 4 वयाची 72, 5 ते 9 ची 82, 10 ते 14 ची 94. त्यावर 15 ते 19 ची 122 आणि 20 ते 24 ची 130. 55 ते 59 वयाचे 50. पुणे, कोल्हापूर, गोव्याला असलेलेही घरच्यांनी सांगितले तसे धरलेत, ते 88. त्यातले 61 जण 15 ते 29 मधले.

फौजीचा_बाप
माझा मुलगा यातच सापडलाय. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे आमच्याकडं पोरगं दहावी झालं की पहाटे पळायला लागतं. कोरोनात दोन वर्षं भरती झाली नाही. 2022 ला अग्निपथ आली आणि साडेसतरा ते एकवीस वय ठेवलं. पहिल्या वर्षापुरतं तेवीस केलं, त्यात धावण्यात बसला, पण मेडिकलमध्ये बाद झाला. आता घरी आहे, म्हशी बघतो. त्याला बेकार धरायचं की कामाचा?

मोजपट्टी
काका, तुमचा प्रश्नच या विषयाचा गाभा आहे. सरकारी श्रमबल पाहणीत घरच्या शेतात किंवा गोठ्यात बिनपगारी राबणारा "कामाला आहे" असाच धरतात. म्हणून 2023-24 मध्ये 15 ते 29 वयातली बेकारी देशात 10 टक्क्यांच्या आसपास दिसते, पण गावात बघणाऱ्याला ती कितीतरी जास्त वाटते. ताई, टिपणात तिसरा रकाना ठेवा: घरच्या कामात आहे, पण दुसरं मिळालं तर उद्या सोडेल.

आता तुमचे आकडे. 15 ते 19 चे 122, म्हणजे दरवर्षी साधारण 24 जण कमावत्या वयात येतात. 55 ते 59 चे 50, म्हणजे दरवर्षी दहाच जण साठीला टेकतात. एक जागा सुटते तिथे अडीच जण उभे. गावाला जो ताण जाणवतो तो हा. मात्र यात निम्म्या मुली आहेत. त्यातल्या किती जणींना कमवायचंय हे त्यांनाच विचारा, घरच्यांना नको.

दुसरी बाजूही पाहा. दहा वर्षांनी 15 ते 24 मध्ये आजची 5 ते 14 वयाची मुलं असतील, 176. आजच्या 252 पेक्षा 76 कमी. फुगवटा पुढे सरकतोय, मागून तो भरत नाही.

आणि बाहेरचे 88 वजा केले तर गावात 1,152 उरतात, त्यात 15 ते 29 चे 309. तुमचे 30 टक्के 27 वर आले. पारावर दिसणारी गर्दी आणि कागदावरची गर्दी वेगळी आहे.

येळ्ळूरकर
सीमाप्रश्नात तरुण का उतरतात हे विचारताय ना? 1956 पासून तीन पिढ्या उतरल्या. 1986 च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनातही पोरंच पुढं होती. ते काय नोकरी नाही म्हणून?

सुषमा_खानापूर
दादा, तो माझा प्रश्न नव्हता, पण तुम्ही म्हणता ते महत्त्वाचं आहे. मोजपट्टी सर, मग तरुण जास्त म्हणून अशांतता, या म्हणण्याला आधार किती?

मोजपट्टी
आधार आहे, पण देशांच्या पातळीवर. नॉर्वेचे हेन्रिक उर्दाल यांनी 1950 ते 2000 मधले देश तपासले. प्रौढांमधला 15 ते 24 चा वाटा एका अंकानं वाढला, म्हणजे 25 टक्क्यांचा 26 झाला, तर सशस्त्र संघर्षाचा धोका चार टक्क्यांहून थोडा जास्त वाढतो, असं त्यांना आढळलं. नीट वाचा, धोका मुळात शंभरात पाच असेल तर तो सव्वापाचच्या आत राहतो. एका गावाला हे लावता येत नाही. दक्षिण कोरियात फुगवटा होता, कारखान्यांनी ती पिढी कामाला लावली, तरी 1987 मध्ये विद्यार्थी लोकशाहीसाठी रस्त्यावर आलेच. पोट भरलं की माणूस गप्प बसतो असं नाही. येळ्ळूरकरांचं म्हणणं इथे लागू पडतं.

उद्यमबाग_शिफ्ट
मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत, फौंड्रीत सुपरवायझर आहे. आमच्याकडं मोल्डिंगला माणूस मिळेना. बिहार, ओडिशाची पोरं काम करूलालेत. गावातली पोरं येतात, भट्टीजवळ चार दिवस टिकतात, जातात. पोरं जास्त आणि काम नाही म्हणताय, मग आमच्या जागा रिकाम्या का?

फौजीचा_बाप
पगार किती देता ते पण लिहा की.

उद्यमबाग_शिफ्ट
काका, कंत्राटी आहे, ते खरं. पीएफ सगळ्यांना नाही.

सुषमा_खानापूर
ही गोष्ट मला सभेत मांडायचीच आहे. आमच्या बाहेर गेलेल्या मुलांपैकी बरेच कोल्हापूरकडच्या कागल, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत आहेत, तेही मशीनवरच. म्हणजे कारखान्याचं काम नको असं नाही. मग उद्यमबाग नको आणि कागल हवं, हे का? पगार, खोली, की तिथे मराठीत निभतं म्हणून?

सर, पुढच्या रविवारी त्या 61 जणांना फोन लावणार आहे. प्रश्न कसे विचारू?

मोजपट्टी
"का गेलास" असं विचारू नका, सगळे पगारच सांगतील. आधी कुठे विचारलं होतं, तिथे काय झालं, आणि इथलं पहिलं काम कुणाच्या ओळखीनं मिळालं, हे विचारा. उत्तरं आली की इथे टाका. कागलचं कोडं मलाही सुटलेलं नाही.