आरसी सर्किटचे सूत्र थेट लिहावे, की अवकल समीकरण मांडून सोडवावे?

एरंडवण्याचा विद्यार्थी

असाइनमेंटमध्ये १० व्होल्टचा डीसी सप्लाय, १ मेगाओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर एकसर जोडणीत दिला आहे. अवकल समीकरणावरून कपॅसिटरचे व्होल्टेज काढा आणि प्रयोगाने पडताळा, असा प्रश्न आहे. मी `v = 10(1 - e^(-t/10))` हे सूत्र थेट लिहिले आणि माझे अर्धे गुण गेले. प्रयोगात कपॅसिटरवर मल्टिमीटर लावून मोबाइलवर व्हिडिओ घेतला, तेव्हा ६.३२ व्होल्टपर्यंत पोहोचायला १० ऐवजी सुमारे ११ सेकंद लागले आणि आकडा ९.० व्होल्टच्या पुढे सरकलाच नाही. सूत्र पाठ असताना सगळी मांडणी लिहायला लावणे योग्य आहे का?

सदाशिव पेठ, क्लास घेणारा

माझ्या मते गुण कापणे अन्यायाचे आहे. डीसी सप्लाय, रेझिस्टर आणि एकच कपॅसिटर असलेल्या कोणत्याही सर्किटचे उत्तर एकाच साच्यात बसते: अंतिम व्होल्टेज, अधिक सुरुवातीच्या आणि अंतिम व्होल्टेजमधला फरक गुणिले `e^(-t/τ)`. हा साचा गणिताने एकदा सिद्ध झालेला असताना प्रत्येक विद्यार्थ्याने तो दर वेळी नव्याने सिद्ध करावा, याने परीक्षेतला वेळ जाण्यापलीकडे काही होत नाही. प्रयोगातल्या ११ सेकंदांची काळजी करू नकोस. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचा टॉलरन्स सहसा अधिक-उणे २० टक्के असतो, त्यामुळे तुझा कपॅसिटर ११ मायक्रोफॅरडचा निघाला असेल. जर्नलमध्ये तसे लिही आणि पुढे जा.

भोसरी, मीटर कॅलिब्रेशनचे काम

टॉलरन्सचे कारण मला पटत नाही, कारण त्याने ११ सेकंदांचा उलगडा झाला तरी ९.० व्होल्टचा होत नाही. कपॅसिटन्स कमी-जास्त असेल, तर चार्जिंगला लागणारा वेळ बदलेल. मात्र व्होल्टेज शेवटी कुठे थांबणार हे त्यावर ठरत नाही. चार्जिंग पूर्ण झाल्यावर करंट शून्य होतो, रेझिस्टरवर काहीच व्होल्टेज उरत नाही आणि सगळे १० व्होल्ट कपॅसिटरवर यायला हवेत. ते आले नाहीत, याचा अर्थ शेवटपर्यंत रेझिस्टरमधून थोडा करंट वाहत राहिला आणि तो कुठून तरी बाहेर पडत होता.

तो बाहेर पडत होता मल्टिमीटरमधून. नेहमीच्या डिजिटल मल्टिमीटरचा डीसी व्होल्टच्या रेंजवरचा इनपुट रोध साधारण १० मेगाओहम असतो. एरवी आपण तो विसरतो, पण इथे रेझिस्टरच १ मेगाओहमचा असल्यामुळे तो विसरून चालत नाही. आता समीकरण मांडून पाहा. रेझिस्टरमधून येणाऱ्या करंटचा एक भाग कपॅसिटरमध्ये जातो आणि एक भाग मीटरमध्ये:

```
(10 - v)/R = C dv/dt + v/Rm
```

इथे `RC` म्हणजे १० सेकंद आणि `RmC` म्हणजे १०० सेकंद, म्हणून हेच समीकरण असे होते:

```
dv/dt + 0.11 v = 1
v = 9.09 (1 - e^(-0.11 t))
```

मीटर नसता तर ०.११ च्या जागी ०.१ आले असते आणि तुझे सूत्र बरोबर ठरले असते. टाइम कॉन्स्टंट वाढलेला नसून तो १० वरून ९.०९ सेकंदांवर आला आहे, हे इथे नीट पाहण्यासारखे आहे. तरीही तुला ६.३२ व्होल्टला जास्त वेळ लागला, कारण ६.३२ हा १० व्होल्टचा ६३.२ टक्के भाग आहे आणि तुझे सर्किट १० व्होल्टकडे जातच नव्हते. वरच्या समीकरणात ६.३२ घातले, तर वेळ १०.८ सेकंद येतो. तू आणि वरचे सर, दोघांनीही टाइम कॉन्स्टंट वाढला असे मानले. प्रत्यक्षात तो घटला आहे. व्हिडिओ पुन्हा पाहा आणि तुझ्या स्वतःच्या अंतिम व्होल्टेजचा ६३.२ टक्के भाग, म्हणजे ५.६९ व्होल्ट, कितव्या सेकंदाला येतो ते सांग.

सिंहगड रोड, सोसायटीचा सचिव

आमच्या जिन्यातल्या दिव्यांचा टायमर काही महिन्यांपूर्वी असाच बिघडला होता. बटण दाबल्यावर दिवे लागत, पण ठरलेल्या वेळी बंद होत नसत आणि रात्रभर जळत राहत. आलेल्या मेकॅनिकने सांगितले की, जुना कपॅसिटर गळत असल्यामुळे त्याचे व्होल्टेज रिले पाडण्याइतके चढतच नाही. तपकीर गल्लीतून नवा कपॅसिटर आणून बसवल्यावर टायमर पूर्ववत झाला. तुमचाही कपॅसिटरच खराब आहे, त्यामुळे आधी तो बदलावा आणि गणिताचे नंतर पाहावे.

भोसरी, मीटर कॅलिब्रेशनचे काम

सचिवसाहेबांचा अनुभव खरा आहे आणि गळतीची शंकाही रास्त आहे. अशा छोट्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या डेटाशीटमध्ये गळतीची कमाल मर्यादा अनेकदा ३ मायक्रोअँपिअर दिलेली असते. खरोखर तेवढी गळती असती, तर १ मेगाओहमवरच ३ व्होल्ट पडले असते. प्रत्यक्षात ती सहसा बरीच कमी असते आणि व्होल्टेज लावून ठेवल्यावर हळूहळू आणखी घटत जाते.

दोष मीटरचा की गळतीचा, हे कपॅसिटर न बदलताही कळू शकते. मीटरची एक प्रोब काढून ठेव, सप्लाय चालू ठेवून दोन मिनिटे थांब आणि मग प्रोब लावून अगदी पहिला आकडा वाच. तो १० च्या जवळ असून नंतर ९ कडे घसरत गेला, तर मीटरच करंट ओढत आहे. पहिलाच आकडा ९ च्या आसपास आला, तर कपॅसिटर गळका आहे.

सदाशिव पेठ, क्लास घेणारा

मीटरचा मुद्दा मला मान्य आहे. टॉलरन्सचे कारण मी घाईने दिले. तरी माझे मूळ म्हणणे याने खोटे ठरत नाही. मीटर धरायचाच असेल, तर कपॅसिटरच्या बाजूने थेव्हेनिन काढावा. १ आणि १० मेगाओहमच्या विभाजनाने अंतिम व्होल्टेज ९.०९ येते, दोन्हींच्या समांतर जोडणीचा रोध ०.९०९ मेगाओहम येतो आणि त्याला १० मायक्रोफॅरडने गुणले की ९.०९ सेकंद मिळतात. दोन ओळींत तेच उत्तर मिळाले आणि अवकल समीकरणाला हातही लावावा लागला नाही. विद्यार्थ्याची चूक सूत्र वापरण्यात नव्हती, सूत्रात अंतिम व्होल्टेज १० धरण्यात होती.

कर्वेनगर, अभियांत्रिकी गणित शिकवणारी

थेव्हेनिनचा मार्ग बरोबर आहे आणि तो मीही शिकवते. परंतु ज्या विद्यार्थ्याने साचा पाठ केला आहे, त्याला सर्किटमध्ये मीटर हाही एक घटक आहे हे आठवण्याचे कारणच पडत नाही. त्याच्या डोक्यात एक रेझिस्टर आणि एक कपॅसिटर पक्के बसलेले असतात. नोडवर येणारे आणि जाणारे करंट लिहायला बसले, की तिथे जोडलेल्या प्रत्येक तारेचा हिशेब द्यावा लागतो. मांडणी मागण्यामागे माझा हेतू तेवढाच असतो.

दुसरी गोष्ट सुरुवातीच्या स्थितीची आहे. वरचे समीकरण चलांची फारकत करून सोडवताना डावीकडे `dv/(1 - 0.11v)` येते आणि त्याचे समाकलन करताना उणे चिन्ह हमखास सुटते. ते सुटले की घातांक धन होतो आणि व्होल्टेज उणे दिशेने अमर्याद जाताना दिसते, त्यामुळे ही चूक लगेच पकडता येते. स्थिरांकाची चूक मात्र लपून राहते. कपॅसिटर आधीच्या खेपेचा २ व्होल्ट धरून बसला असेल, तर `v(0) = 2` घालून उत्तर असे येते:

```
v = 9.09 - 7.09 e^(-0.11 t)
```

अंतिम व्होल्टेज तेच आणि टाइम कॉन्स्टंटही तोच, पण ६.३२ व्होल्ट आता साधारण ८.५ सेकंदांतच येतात. त्यामुळे कपॅसिटर पूर्ण डिस्चार्ज न करता घेतलेली दुसरी खेप पहिलीशी जुळत नाही आणि विद्यार्थी स्टॉपवॉचला दोष देतात. साच्यात सुरुवातीच्या व्होल्टेजची जागा आहे, हे सरांचे म्हणणे खरे आहे. पण पाठांतरात `1 - e^(-t/τ)` हेच रूप राहते आणि त्यात ती जागा शून्य धरून आधीच पुसलेली असते.

शिवाय सप्लाय डीसी नसून साइन वेव्ह असेल, तर हा साचा जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण व्होल्टेज एका ठरावीक आकड्यावर स्थिरावतच नाही. अवकल समीकरण मात्र तेच राहते; फक्त उजवी बाजू बदलते. तरीही अर्धे गुण कापणे मला जास्त वाटते. प्रश्नात पद्धत सांगितली असल्यामुळे काही गुण जायला हवेत हे खरे, पण अर्धे नव्हेत.

एरंडवण्याचा विद्यार्थी

ताई, सर, आज दोन्ही गोष्टी करून पाहिल्या. जुन्या व्हिडिओत ५.६९ व्होल्टचा आकडा नवव्या सेकंदानंतर लगेच दिसतो. मीटरचा आकडा सेकंदातून दोन-तीनदाच बदलतो, त्यामुळे याहून बारकाईने सांगता येत नाही. प्रोब काढून दोन मिनिटे थांबलो आणि पुन्हा लावली, तेव्हा पहिला आकडा ९.९ आला आणि तो घसरत घसरत ९.० वर थांबला. म्हणजे बहुतेक घट मीटरमुळे झाली. पण मीटर नसतानाही ०.१ व्होल्ट कमी का, हे मला समजले नाही.

भोसरी, मीटर कॅलिब्रेशनचे काम

१ मेगाओहमवर ०.१ व्होल्ट पडला, म्हणजे ०.१ मायक्रोअँपिअर करंट वाहत आहे, आणि मीटर जोडलेला नसताना तो कपॅसिटरच्या गळतीचाच असण्याचा संभव आहे. सप्लाय नेमका १० व्होल्टचा आहे का, हे मात्र आधी थेट त्याच्या टोकांवर मोजून घे. तिथे मीटरच्या रोधाचा परिणाम दिसणार नाही. तो १० भरला, तर उजव्या बाजूच्या १ च्या जागी ०.९९ येईल, अंतिम व्होल्टेज ९.० होईल आणि ६.३२ व्होल्टचा वेळ ११ सेकंद येईल, म्हणजे तुझे दोन्ही आकडे जुळतील.

कर्वेनगर, अभियांत्रिकी गणित शिकवणारी

यात आपण गळतीचा करंट स्थिर धरला आहे. तो व्होल्टेजच्या प्रमाणात वाढतो असे मानले, तर कपॅसिटरला समांतर साधारण १०० मेगाओहम येतात, ०.११ चे ०.१११ होते आणि उजवी बाजू १ च राहते. या दोन गृहीतकांतले नेमके कोणते बरोबर, हे ०.१ व्होल्टपर्यंतच्या वाचनावरून ठरणार नाही. जर्नलमध्ये दोन्ही समीकरणे लिहावीत, असे माझे मत आहे.

सदाशिव पेठ, क्लास घेणारा

समांतर १०० मेगाओहम धरले, तर माझ्या थेव्हेनिनमध्ये ते एका ओळीत बसतात, त्यामुळे माझे मत मी बदललेले नाही. स्थिर करंट धरायचा झाला तरी थेव्हेनिन चालतो, फक्त एक करंट सोर्स वाढतो. गुणांबद्दल ताईंशी मी सहमत आहे. समीकरण सक्तीचे असावे का, याबद्दल नाही.