मदत हवी आहे: सुट्टीच्या दिवशीही ठरल्या वेळीच का उठते, हे मिस्टरांना मेसेजमध्ये कसं सांगू?

पहाटवारा_अमळनेर

नमस्कार मंडळी. मिस्टर सुरतला कापड मार्केटमध्ये नोकरीला आहेत. शनिवारी रात्री अकराच्या सुमारास घरी येतात, रविवारी संध्याकाळी परत जातात. मी इथे सासूबाई आणि मुलांसोबत असते.

सासूबाईंच्या आजारपणात रात्री जागून माझी झोप मोडली. त्या बऱ्या झाल्या, झोप काही आली नाही. धुळ्याच्या डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी केल्या आणि एका समुपदेशक ताईंकडे पाठवलं. ताईंनी आधी वहीत रोज लिहायला लावलं: अंथरुणावर कधी पडले, अंदाजे कधी डोळा लागला, मध्ये किती वेळ जागी होते, कधी उठले. त्यातून दिसलं की मी रात्री ९:३० ते सकाळी ७ पडून असते, म्हणजे साडेनऊ तास, आणि झोप जेमतेम साडेपाच तास. उरलेले चार तास नुसती तळमळ.

मग त्यांनी वेळ बांधून दिली. रात्री ११:४५ च्या आधी अंथरुणाकडे जायचं नाही आणि सकाळी ५:४५ ला उठायचंच. रविवार असो, दिवाळी असो, माहेर असो. आता सहा तासांत सरासरी ५ तास २० मिनिटं झोप लागते आणि ती सलग असते.

अडचण रविवारची आहे. मी ५:४५ ला उठते आणि मिस्टर नाराज होतात. गेल्या वेळी म्हणाले, "आठवड्यातून एक दिवस येतो, तरी सकाळी तू शेजारी नाही. मी काय पाव्हना शे का?" मला ते फार लागलं. समोरासमोर बोलायला बसलो की सासूबाई असतात, मुलं असतात. म्हणून व्हॉट्सॲपवर नीट लिहून पाठवायचं ठरवलंय. हा माझा मसुदा:

"अहो, मी अनिद्रेवर उपचार घेत आहे. त्यात उठण्याची वेळ निश्चित ठेवणं बंधनकारक आहे. उशिरा उठल्यास झोपेचं चक्र बिघडतं. तरी कृपया रविवारी मला आग्रह करू नये. तुम्ही समजून घ्याल अशी अपेक्षा."

वाचल्यावर मलाच ही सोसायटीची नोटीस वाटली. कसं लिहू?

गिरणाकाठ

ताई, मुळात माणसाला आठ तास झोप लागतेच. सहा तासांत शरीराचं नुकसान होईल. शनिवारी एक वाजला तर रविवारी नऊला उठा, हिशोब बरोबर. आणि ५:४५ ला उठायचंच असेल तर रविवारी रात्री नऊलाच झोपून जा, म्हणजे भरपाई होईल. उठण्याची वेळ ठरलेली असावी हे मात्र खरंच, आमचे वडीलही तेच सांगायचे.

शिफ्टवाला_दीपनगर

मी वीज केंद्रात आहे, तिन्ही पाळ्या फिरत्या. उठणं जमत नसेल तर मोबाइल उशाशी ठेवू नका, लांब कपाटावर ठेवा, उठावंच लागतं. माझं स्वतःचं दुखणं वेगळंच आहे. रात्रपाळीहून सकाळी येतो, जळगाव जिल्ह्यातला मे महिना, कूलर लावला तरी खोली भट्टी. अशात कोणती वेळ बांधायची? कुणी सांगेल का?

केळीबाग

मी नाशिकला याच कामात आहे, अनिद्रेचे पेशंट रोज बघते. म्हणून सविस्तर लिहिते.

गिरणाकाठ, पहिला सल्ला निरोगी माणसाला ठीक आहे, यांना नाही. आणि नऊला झोपायचा सल्ला तर यांना थेट मागे नेईल. झोपेची ओढ जागेपणाच्या तासांबरोबर वाढते. ५:४५ ला उठलेली बाई रात्री ११:४५ पर्यंत अठरा तास जागी असते, पाठ टेकली की झोप येते. तीच ८:३० ला उठली, तर ११:४५ ला जेमतेम सव्वापंधरा तास झालेले असतात. ओढ पुरेशी नाही, मग छताकडे बघत पडणं, मग "आज पुन्हा झोप येणार नाही" ही भीती, आणि सोमवार गेला. शिवाय सकाळचा उजेड उशिरा डोळ्यांवर पडला की शरीराचं घड्याळही मागे पडतं. नऊला आडवं झालं तरी तेच, कारण तेव्हा तर पंधरा-सव्वापंधरा तासच झालेले असतात.

म्हणून या उपचारात उठण्याची वेळ हा खुंटा आहे आणि झोपायला जायची वेळ दोरीसारखी पुढे-मागे होते. पहाटवारा, तुमची झोप सहा तासांत ५ तास २० मिनिटं, म्हणजे शंभरातले जवळपास ८९. आठवड्याची सरासरी ८५ च्या वर टिकली की साधारणपणे झोपायची वेळ १५ मिनिटं अलीकडे आणतात: ११:४५ ची ११:३०. पुढच्या आठवड्यात पुन्हा तपासतात. उठणं मात्र ५:४५ च. सहा तास ही कायमची शिक्षा नाही, वाढत जाणार आहे. हे मिस्टरांना सांगितलंत का? बहुतेक घरच्यांना वाटतं की आता आयुष्यभर हेच.

आणि एक गोष्ट तुमच्या बाजूची. ११:४५ ही "याच्या आधी नाही" अशी वेळ आहे. शनिवारी एकपर्यंत गप्पा झाल्या तर काही बिघडत नाही. त्या रात्री झोप कमी होते आणि रविवारची रात्र उलट चांगली जाते, फक्त रविवारी ५:४५ ला उठायला हवं. म्हणजे तुम्ही त्यांची रात्र काढून घेत नाही, फक्त सकाळचे दोन-तीन तास मागताय.

रविवारी दिवसा डोळे फारच जड झाले तर दुपारी तीनच्या आत वीस मिनिटं, गजर लावून. आणि पेंगत असताना स्कूटी चालवू नका. सुरुवातीच्या आठवड्यांत हे होतंच, त्यामुळे ही गोष्ट मी प्रत्येकाला बजावते.

शिफ्टवाला, फिरत्या पाळीला हा नियम जसाच्या तसा लागत नाही. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

मालती_मावशी

पोरी, हे सगळं शास्त्र बरोबर असेल, पण तो ज्या गोष्टीवर रुसलाय ती झोप नाही. तो सहा दिवस खोलीवर एकटा असतो, मेसचं जेवतो. सकाळी डोळे उघडल्यावर शेजारची जागा रिकामी दिसते. तुझ्या मसुद्यात "चक्र" आहे, "बंधनकारक" आहे, तो कुठे आहे? आधी त्याचं बोलणं तुला लागलं ते लिही. मग तुझी वही सांग. आणि तो उठेल तेव्हा तू काय करशील ते लिही, म्हणजे त्याला हातात काही मिळेल.

शब्दबंबाळ_नाही

माझा अनुभव थोडा वेगळा आहे. मला बायपोलर आहे, लिथियम चालू आहे. डॉक्टरांनी मलाही उठण्याची वेळ पक्की सांगितली आहे, पण कारण निराळं. माझ्या बाबतीत एक जागरणसुद्धा मूड वर नेऊ शकतं. त्यामुळे वर "एकपर्यंत गप्पा चालतील" लिहिलंय ते माझ्यासारख्याने उचलू नये. झोपेचे तास कमी करण्याचा उपचारही आम्हाला असा आपला आपण करता येत नाही. फिट येणाऱ्यांनाही नाही. वाचणारे खूप असतात म्हणून लिहून ठेवतोय.

केळीबाग

अगदी बरोबर, मी लिहायला हवं होतंच. तसंच कुणी जोरात घोरत असेल, झोपेत श्वास अडकत असेल, तर आधी ती तपासणी. तिथे वेळ बांधून काही होत नाही.

पहाटवारा_अमळनेर

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्रीबद्दल हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी तर शनिवारीही पावणेबाराला घाईने गप्पा आवरत होते, त्यानेही ते दुखावत असतील. जुनी वही काढून बघितली. ज्या रविवारी त्यांच्या आग्रहाने साडेआठपर्यंत पडून होते, त्या रात्रीपुढे लिहिलंय: "११:४५ ला पडले, दोनच्या सुमारास डोळा लागला, ३:१० ला जाग." सोमवार, मंगळवारही तसेच. बुधवारी कुठे रांगेला लागलंय. तोवर पुन्हा शनिवार. हे त्यांनी पाहिलेलंच नाही, कारण वाईट रात्री सगळ्या ते सुरतला असतानाच्या. नवा मसुदा:

"अहो, 'मी काय पाव्हना शे का' हे तुमचं बोलणं मनातून जात नाही. तुम्ही पाहुणे नाही. तुमची वाट मी सोमवारपासून बघते.

मी रविवारी लवकर उठते ते तुमच्यापासून लांब जायला नाही. सोबत माझ्या वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवते. पहिल्या पानावर मी साडेआठला उठले होते तो रविवार आहे. त्या रात्री दोनपर्यंत जागी होते, आणि मंगळवारपर्यंत तसंच चाललं. दुसऱ्या पानावर पावणेसहाला उठले तो रविवार. रात्री पडल्या पडल्या झोपले. रविवारच्या सकाळी पावणेतीन तास जास्त पडले की पुढच्या तीन रात्री जातात. त्या रात्री तुम्ही इथे नसता म्हणून तुम्हाला दिसत नाहीत.

हा नियम माझा आहे, तुमचा नाही. तुम्ही आठवडाभर कमी झोपता, तुम्ही रविवारी पोटभर झोपा. मी उठून मुलांना बाहेर घेऊन बसेन, आवाज होऊ देणार नाही. तुम्ही उठाल तेव्हा चहा घेऊन तुमच्याजवळ येऊन बसेन आणि तासभर कुठल्या कामाला हात लावणार नाही. आईंना मी सांगते. शनिवारी रात्री मात्र घाई करणार नाही, हवं तेवढं बोलू.

झोप अशीच टिकली तर झोपायची वेळ हळूहळू अलीकडे येईल. सकाळची पावणेसहा तेवढी मला सांभाळू द्या. तुम्हाला काय वाटतं ते सांगा, फोनवर सांगितलं तरी चालेल."

मालती_मावशी

आता पाठव. एक शब्द बदलू नको.

गिरणाकाठ

"हा नियम माझा आहे, तुमचा नाही" हे वाचून माझाही गैरसमज गेला. मी दुकानामुळे आठवडाभर पाच तास झोपतो आणि रविवारी भरून काढतो, मला वाटलं तेच सगळ्यांना लागू. पण एक विचारतो. रोज पावणेसहा म्हणजे पावणेसहाच? अर्धा तास इकडेतिकडे चालत नाही?

केळीबाग

यावर आमच्यातही मतं वेगळी आहेत. काही जण झोप बसेपर्यंत पाच मिनिटंही सोडत नाहीत. मी झोप स्थिर झाल्यावर सुट्टीला अर्ध्या तासाची मोकळीक देते. पहाटवारा यांनी आपल्या ताईंना विचारावं, वही त्यांच्यासमोर आहे.

पहाटवारा_अमळनेर

मेसेज पाठवला. निळ्या खुणा आल्या आहेत, उत्तर अजून नाही. दुकानाची वेळ आहे.

तोवर आणखी एक. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी स्थापना, रात्रभर जागर, सोमवारी सकाळी विसर्जन. रोटांसाठी सगळी भाऊबंदकी गोळा होते, मी उठून झोपायला जाऊ शकत नाही आणि मला जायचंही नाही. त्या रात्रीचं काय करू?

केळीबाग

जागर करा. सोमवारी विसर्जनानंतर दिवसभर झोपून काढू नका. दुपारी तीनच्या आत फार तर वीस-तीस मिनिटं, रात्री नेहमीचीच वेळ, त्याआधी नाही, आणि मंगळवारी ५:४५. विसर्जनाला नदीवर जाताना गाडी दुसऱ्या कुणाला तरी चालवू द्या.

शब्दबंबाळ_नाही

मी आमच्या कानबाईला दहाच्या आरतीपर्यंत बसतो आणि घरी येतो. भाऊबंदांना पहिल्या वर्षी रुचलं नाही, काकांना अजूनही रुचत नाही.