मदत हवी आहे: गाडीची पुढची चाकं उचलायची अट, दोन उत्तरं येतायत

सांगलीत ऊस भरलेली ट्रॉली ओढताना ट्रॅक्टरचं तोंड वर उचललेलं सगळ्यांनी बघितलंय, पण तिथं ट्रॉलीची ओढ पण असते म्हणून मी नुसती रिकामी कार घेतली. मागची चाकं ओढणारी, १००० किलो, दोन्ही ॲक्सलमध्ये २.५ मीटर, गुरुत्वमध्य बरोब्बर मधे आणि जमिनीपासून ०.५ मीटर उंच, g = १०. उभी असताना पुढं मागं ५०००-५००० न्यूटन.

आता त्वरण ४ धरलं. गुरुत्वमध्याभोवती टॉर्क घेतला की पुढं ४२०० आणि मागं ५८०० येतं, ते पटतं. पण मागचं चाक जिथं टेकतं तिथून टॉर्क शून्य धरला तर घर्षण गायबच होतं आणि पुढं परत ५००० च येतंय! आकडेमोड तीनदा तपासली, चूक तिथं नाहीये. सस्पेन्शन, हवेचा रोध, चाकांचं जडत्व सगळं सोडलंय.

पहिल्या पद्धतीनं पुढचा भार शून्य व्हायला त्वरण २५ लागतं, म्हणजे घर्षणांक २.५, साध्या डांबरी रस्त्यावर टायर त्याच्या कितीतरी आधी घसरणार, त्यामुळं कारचं तोंड का उचलत नाही ते कळलं. अडलंय ते एवढंच, की टेकलेल्या बिंदूभोवती टॉर्क घेताना गुरुत्वमध्यावर मागच्या दिशेनं ma हे छद्मबल लावायलाच लागतं का, आणि लागत असेल तर गुरुत्वमध्याभोवती घेताना ते न लावता कसं काय चालतं?