परदेशात नंबर बदलला आणि ओटीपी यायचे थांबले: तुमचे अनुभव लिहा

मेधा_स्टुटगार्ट
भाचा पुढच्या महिन्यात म्युनिकला शिकायला येतोय. काल फोनवर सहज म्हणाला, "मावशी, इथलं सिम बंदच करून टाकतो, उगाच रिचार्ज कशाला?" ते ऐकलं आणि आमचा तो उन्हाळा जसाच्या तसा आठवला, म्हणून हा धागा.

नवऱ्याचं एनआरओ, म्हणजे परदेशात राहणाऱ्यांचं भारतातलं खातं आहे, सासूबाईंच्या औषधांचे आणि बाईंच्या पगाराचे पैसे त्यातूनच जातात. भारतातला नंबर बंद करायचा म्हणून बँकेला जर्मन नंबर कळवला. फॉर्म, पासपोर्टची साक्षांकित प्रत, सगळं दिलं. "नंबर बदलला आहे" अशी ईमेलही आली. मग लॉगिन करायला गेलो तर पासवर्ड चालतोय, ओटीपी काही येत नाही. ग्राहक सेवेला फोन केला की एकच उत्तर, आमच्याकडून मेसेज गेलाय, तुमच्या कंपनीला विचारा. इथली कंपनी म्हणे आमच्यापर्यंत काही आलंच नाही.

शेवटी उलगडा झाला तो लॉगिनच्या पानावरच. तिथे नंबर फुल्या घालून दाखवतात, शेवटचे चार आकडे तेवढे दिसतात. ते चारही बरोबर होते, पण नवऱ्याने फुल्या मोजल्या तर एक जास्त! इथले मोबाइल नंबर देशात 0 लावून लिहितात, 0151 वगैरे. पुढे +49 लागला की तो 0 गळतो. बँकेत नोंद करणाऱ्याने 49 च्या पुढे 0151 तसंच भरलं होतं. असा नंबर जगात कुणाचाच नाही, मेसेज पोचणार कुठे?

तो 0 काढून घेतला आणि लॉगिनचा ओटीपी आला. सासूबाईंच्या दुकानदाराला पैसे पाठवायला गेलो तर तो ओटीपी जुन्याच नंबरवर! नेटबँकिंगची नोंद वेगळी, डेबिट कार्डाची वेगळी. एका ठिकाणी बदलला म्हणजे सगळीकडे बदलला असं नसतं, हे आम्हाला तेव्हा कळलं.

तुमच्याकडे काय झालं?

शारजाचा_संजू
आमच्याकडे पण तोच 0. इथे 05 ने सुरू होतो, 971 नंतर फक्त 5 पाहिजे. फॉर्मवरच ठळक अक्षरात लिहून द्यायचं, 0 घालू नये म्हणून. सासूबाई कशा आहेत आता?

मेधा_स्टुटगार्ट
बऱ्या आहेत हो, विचारलंत बरं वाटलं. गुडघ्यांचं चालूच आहे.

कोथरूड१९५८
डीएनडी चालू असेल. 1909 ला मेसेज करून काढून टाका, ओटीपी येतील. माझ्या मुलीचं असंच झालं होतं.

नेरूळ_ते_टोरांटो
काका, डीएनडीने जाहिराती थांबतात, बँकेचे ओटीपी थांबत नाहीत. शिवाय 1909 भारतातल्या नंबरांसाठी आहे, मेधाताईंचा जर्मन आहे.

मी मेसेज पोचवणाऱ्या कंपनीत बरीच वर्षं काढली आहेत म्हणून थोडं लिहितो. बँक "गेला" म्हणते तेव्हा तिच्या यंत्राने तो पुढच्या कंपनीच्या हवाली केलेला असतो, एवढंच. फोनपर्यंत पोचला का, याची वेगळी पोच येते. म्हणून विचारताना "डिलिव्हरी रिपोर्ट काय सांगतो" असं विचारा. नंबरच चुकीचा असेल तर तिथे बहुतेक कळतं.

अमेरिका-कॅनडात आणखी एक भानगड आहे. भारतात बँकेचा मेसेज अक्षरांच्या नावाने येतो. इकडे पाठवणाऱ्याच्या जागी अक्षरं चालतच नाहीत, त्यामुळे तो कुठल्या तरी अनोळखी आकड्यावरून येतो किंवा वाटेतच गाळला जातो. माझ्या एका खात्याचे येतात, दुसऱ्याचे येत नाहीत, नंबर तोच. त्याला माझ्याकडे उपाय नाही. तिथे बँकेकडून ईमेलवर ओटीपी सुरू करून घेतला.

सई_लेस्टर
मुलाला डब्यात बसवून लिहितेय, म्हणजे शाळेच्या बसमध्ये 😀 माझा जुना नंबर तर चक्क दुसऱ्या कुणाला मिळाला! आधारला तोच लावलेला. आधारला परदेशी नंबर लागत नाही, भारतातलाच लागतो, आणि तो बदलायचा तर तेव्हा स्वतः केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे द्यावे लागत होते. इथून काही करता येईना. त्यात इन्कम टॅक्सचं रिटर्न भरलेलं आणि पडताळणीला आधारचा ओटीपी मागतंय.

नाशिकची_सीए
सई, रिटर्नसाठी आधारच पाहिजे असं नाही. नेटबँकिंग चालू असेल तर त्यातून पोर्टलवर शिरून पडताळणी होते. तेही नसेल तर आयटीआर-व्ही, म्हणजे रिटर्नची पोचपावती छापून, निळ्या शाईने सही करून इन्कम टॅक्सच्या बेंगळुरूच्या केंद्राला, सीपीसीला, स्पीड पोस्टने पाठवायचं. रिटर्न भरल्यापासून 30 दिवसांत ते तिथे पोचायला हवं, हे महत्त्वाचं. परदेशातून पाठवण्यात दिवस जातात, म्हणून माझे अशील सही केलेला कागद घरच्यांकडे पोचवतात आणि ते इथून स्पीड पोस्ट करतात.

सई_लेस्टर
ताई तुम्ही आधी कुठे होतात! नेटबँकिंगने बघते आज रात्री.

पराग_डॅलस
मी बाबांचा नंबर लावून टाकलाय सगळीकडे. ते ओटीपी व्हॉट्सॲपवर पाठवतात. काही त्रास नाही.

नाशिकची_सीए
परागदादा, नको असं. बँकेत तो नंबर तुमचा म्हणून नोंदलेला असतो. कुणी बाबांना फोन करून "ओटीपी सांगा" म्हटलं तर तुमच्यासाठीच मागताहेत असं समजून ते सांगतील. त्यांना आकडे पुढे पाठवायची सवय लागलेली असते, भीती त्याचीच आहे.

पराग_डॅलस
बाबा बँकेतूनच रिटायर झालेत, फसणार नाहीत. आणि दुसरा मार्ग तरी काय? भारतातलं सिम इथे आणलं तर नेटवर्कच धरत नव्हतं.

नेरूळ_ते_टोरांटो
अमेरिकेत मोठ्या कंपन्यांनी 2022 मध्ये 3जी बंद केलं. आता भारतातल्या सिमला तिथे 4जीवरच आवाज आणि मेसेज मिळायला हवेत, आणि ते फोनवर आणि तिकडच्या कंपनीच्या करारावर अवलंबून असतं. फोनच्या सेटिंगमध्ये व्होल्टे चालू आहे का बघ, आणि निघण्यापूर्वी इंटरनॅशनल रोमिंग सुरू करून घेतलं होतंस का ते आठव.

मेधाताई, भाच्याला सांगा सिम बंद करू नकोस. रोमिंगवर येणाऱ्या एसएमएसला साधारणपणे पैसे पडत नाहीत. प्रीपेड असेल तर रिचार्जची मुदत संपू द्यायची नाही. आणि 90 दिवस काहीच वापर नसेल तर नंबर काढून घेऊ शकतात. ओटीपी नुसते येत राहणं हा वापर धरत नाहीत, म्हणून अधूनमधून त्या सिमवरून एखादा एसएमएस बाहेर पाठवायचा. त्याचे पैसे पडतील, पडू देत.

ऋता_पुणे
मी कालच सिमचं ई-सिम करून घेतलं, शुक्रवारी फ्लाइट आहे, आणि कालपासून एकही ओटीपी नाही 😟 नंबर तोच आहे माझा.

नेरूळ_ते_टोरांटो
घाबरू नकोस. सिम बदललं किंवा ई-सिम केलं की पहिले 24 तास एसएमएस बंद ठेवतात, कुणी चोरून सिम काढलं तर पैसे जाऊ नयेत म्हणून. 24 तास झाले की सुरू होतील. निघायच्या दिवशी मात्र असं काही करू नये कुणी.

कोथरूड१९५८
भाचा कुठल्या विषयाला येतोय? माझा पुतण्या आहे म्युनिकला, खोलीचं बघायला मदत करेल.

मेधा_स्टुटगार्ट
काका, खरंच? मेकॅनिकलला. व्यनि करते.

त्याला आज एवढंच बजावलं. जुनं सिम चालू ठेव. जर्मन नंबर मिळाला की जुन्या सिमवर ओटीपी येत असतानाच बदल कर. मग नेटबँकिंग, कार्ड आणि नव्या माणसाला पैसे पाठवणं, तिन्हीकडे एकेक छोटा व्यवहार करून ओटीपी कुठे येतो ते बघ. गुगलच्या खात्याला फोनवरच कोड तयार करणारं ॲप लाव, त्याला नेटवर्क लागत नाही, आणि बॅकअप कोड कागदावर उतरव.

ऋता_पुणे
आत्ता आला! दोन एकदम आले.