सोमवारी पाणी नक्की कुठे येणार नाही?

बी-३०४
आमच्या सोसायटीच्या फलकावर मी नोटीस लावली होती: "टाकीच्या सफाईमुळे बी विंगमध्ये सोमवारी सकाळी पाणी येणार नाही." रविवारी रात्री ए विंगवालेही बादल्या, टब, कुकरचे डबे भरून बसले. सोमवारी सकाळी त्यांना पाणी आलं तेव्हा सगळे माझ्यावर घसरले. एक मित्र म्हणाला, "चूक तुझीच. 'बी विंगमध्ये' क्रियापदाला चिकटवून लिहायला हवं होतं." मराठीत शब्द कुठेही ठेवा, विभक्ती सगळं सांभाळून घेते, असं मी शाळेत शिकलो. मग ही नवी भानगड कुठली? का लोकच नीट वाचत नाहीत?

मास्तर
लोक नीट वाचत नाहीत, हेच खरं. मराठी वाक्याची रचना कर्ता, कर्म, क्रियापद. बाकीचे शब्द कुठेही जाऊ शकतात. 'रामाने रावणाला मारले' म्हणा की 'रावणाला रामाने मारले' म्हणा, मेला रावणच. जोर द्यायचा असेल तर भाषेने 'च' दिलाय, तो वापरा: 'बी विंगमध्येच पाणी येणार नाही.' संपला विषय.

कॉपीडेस्क
मास्तर, कोण मेला हे दोन्ही वाक्यांत सारखंच आहे, पण ती दोन वाक्यं एकाच प्रश्नाची उत्तरं नाहीत. "रावणाला कोणी मारलं?" असं कुणी विचारलं तर तुम्ही 'रावणाला रामाने मारलं' म्हणाल. "रामाने कोणाला मारलं?" या प्रश्नाला 'रामाने रावणाला मारलं.' उलटं म्हणून बघा, जीभ अडखळते. आपला प्रश्नार्थक शब्द जिथे बसतो, उत्तरातला महत्त्वाचा शब्दही तिथेच बसतो, आणि ती जागा साधारणपणे क्रियापदाच्या अलीकडची असते. 'डबा कोणी दिला?' 'डबा आजीने दिला.' 'तू पुण्याला कधी जाणार?' 'पुण्याला उद्या जाणार.'

आता नोटीस घ्या. 'पाणी येणार नाही' हे तीन शब्द वाचणाऱ्याच्या मनात एकच गाठोडं आहे, कारण नळाचं पाणी 'येतं' किंवा 'येत नाही', दुसरं काही करत नाही. त्या गाठोड्याच्या लगेच आधी काय आहे? 'सोमवारी सकाळी'. म्हणजे वाक्य "पाणी कधी येणार नाही?" याचं उत्तर झालं. ए विंगनेही तेवढंच लक्षात ठेवलं. 'बी विंगमध्ये' वाक्याच्या सुरुवातीला होतं, म्हणजे प्रस्तावनेत गेलं. तुमचा मित्र बरोबर बोलला.

मास्तर
पण मग 'च' लावायला काय हरकत?

कॉपीडेस्क
लावून मोठ्याने वाचा ना. 'बी विंगमध्येच पाणी येणार नाही.' कोणाला काय ऐकू येतं माहीत नाही, मला तर बी विंगच्या काकू तक्रार करताना ऐकू येतात: नेहमी आमच्याच वाट्याला का? 'च' नुसता जोर देत नाही, तो हट्ट, तक्रार, समाधान असं काहीतरी बरोबर घेऊन येतो. नोटिशीत ते नको असतं. जागा बदलली तर शब्दाला जोर मिळतो आणि आवाज शांत राहतो.

नळदुरुस्ती
टाकी वर्षातून किती वेळा साफ करता? आमच्याकडे दर सहा महिन्यांनी करतात. आणि आदल्या दिवशी पाणी भरून ठेवावं हे लोकांना सांगावं लागतं का? माझ्या मते नोटीस लिफ्टमध्ये लावा, फलकाकडे कोणी बघत नाही.

बी-३०४
दादा, लिफ्टमध्येही लावली होती. प्रश्न वाक्याचा आहे, टाकीचा नाही 🙂

'फक्त' लावलं असतं तर? 'सोमवारी फक्त बी विंगमध्ये पाणी येणार नाही.' हे तरी बिनचूक आहे ना?

कॉपीडेस्क
जवळजवळ. पण 'फक्त' हा थोडा अवघड पाहुणा आहे, तो पुढच्या शब्दालाही लागतो आणि मागच्यालाही. "किती दिवस सुट्टी?" "दोन दिवस फक्त." इथे तो मागच्याला लागला. त्यामुळे 'सोमवारी फक्त' असं वाचून "मंगळवारी येईल" एवढाच अर्थ घेणारा एखादा तरी निघतो. बोलताना आपण किंचित थांबून हे वेगळं करतो, कागदावर ते थांबणं उतरत नाही.

एडिसनची शाळा
मी अमेरिकेत रविवारी मुलांना मराठी शिकवते, तर माझा अनुभव सांगते. माझ्याकडची मुलं सर्रास म्हणतात, 'मी दिला डबा आजीला.' व्याकरण चुकत नाही, शब्दही मराठीच, तरी घरी आजी-आजोबांना ते विचित्र वाटतं. मी पूर्वी "क्रियापद शेवटी" एवढंच सांगायचे. मग एका मुलाने विचारलं, "पण आई तर म्हणते, 'आलास का तू?' तिथे 'तू' शेवटी कसा?" मी निरुत्तर. नंतर लक्षात आलं की क्रियापदाच्या पुढे आपण तेच शब्द टाकतो जे समोरच्याला आधीच माहीत असतात, ज्यांच्यावर अजिबात जोर नसतो. 'दिला की मी तुला डबा!' यात डबा, मी, तू सगळं ठाऊक आहे, 'दिला' तेवढं नवं. मुलांच्या त्या वाक्यात मात्र 'आजीला' ही नवी बातमी होती आणि ती त्यांनी क्रियापदापलीकडे टाकली. चुकलं ते तिथे.

कॉपीडेस्क
अगदी. माझ्या मनातलं बोललात.

दोन_पोरांची_आई
इथल्या सगळ्यांचं ज्ञान माझ्या घरी रोज वापरात असतं, मला आत्ता कळलं. गेल्या आठवड्यात फुलदाणी फुटली. धाकटा म्हणाला, "मी फोडली नाही." मोठा म्हणाला, "मी नाही फोडली." मी क्षणभर दोघांकडे बघितलं आणि मोठ्याला विचारलं, "मग कोणी फोडली?" त्याने लगेच धाकट्याकडे बोट दाखवलं. धाकट्याला मात्र फुलदाणी फुटल्याचंच मान्य नव्हतं, त्याच्या मते ती आधीपासून तशीच होती.

कॉपीडेस्क
वा! हे उदाहरण कुठल्याही पुस्तकापेक्षा सरस आहे. 'नाही' क्रियापदानंतर आलं की नकार फोडण्याला लागतो: फोडणं झालंच नाही. 'नाही' क्रियापदाच्या आधी, 'मी'ला खेटून आलं की नकार 'मी'ला: फुटली, पण फोडणारा मी नाही. बोलताना आवाज चढवून 'मी फोडली नाही' यातूनही दुसरा अर्थ काढता येतो, हे कबूल. लिहिताना ती सोय नसते.

सातारकर
मला हे सगळं थोडं ताणलेलं वाटतंय. 'आजीने मला डबा दिला' या साध्या वाक्यात क्रियापदाच्या आधी 'डबा' आहे. मग प्रत्येक वेळी डब्यावर जोर आहे असं म्हणायचं का? "काय झालं?" असं विचारलं तरी मी हेच वाक्य बोलेन.

कॉपीडेस्क
बरोबर अडवलंत. ती जागा म्हणजे शिक्का नव्हे. डबा हे कर्म आहे आणि कर्माची नेहमीची जागा तीच, म्हणून तिथे काही जाणवत नाही. जाणवतं केव्हा, तर एरवी तिथे न बसणारा शब्द तिथे येतो तेव्हा. 'डबा मला आजीने दिला' म्हटलं की आजी उजळते, कारण ती तिच्या जागेवरून उठून आली. आणि एक किंमतही मोजावी लागते: 'डबा' वाक्याच्या सुरुवातीला गेल्यावर तो 'कुठलातरी डबा' राहत नाही, आपण ज्याबद्दल बोलतोय तो डबा होतो. 'मी चहा केला' आणि 'चहा मी केला' यात हाच फरक. दुसरं वाक्य तुम्ही चहाचा विषय निघाल्याशिवाय बोलणार नाही.

सातारकर
म्हणजे वर्तमानपत्रातल्या पहिल्याच ओळीत 'चहा मी केला' चालणार नाही. ठीक. पण 'मदत केली', 'सुरुवात केली', 'झोप लागली' अशांचं काय? हे जोड सुटत नाहीत. 'झोप मला लागली' कोणी म्हणत नाही.

एडिसनची शाळा
'मदत शेजाऱ्यांनी केली, नातेवाईक नुसते बघत राहिले' हे मात्र सर्रास म्हणतात.

सातारकर
मग नियम काय उरला?

कॉपीडेस्क
मलाही ठाम रेघ ओढता येत नाही. 'राग' घ्या. 'मला राग आला' हा पक्का जोड. तरी 'मला राग त्याचा नाही आला, त्याच्या बोलण्याचा आला' हे आपण बिनदिक्कत बोलतो. 'झोप' मात्र हटत नाही. माझा अंदाज, एका बाजूला दुसरा पर्याय उभा करता आला की जोड सुटतो: मदत करणारे दोघे असू शकतात, राग दोन गोष्टींचा येऊ शकतो. 'झोप मला लागली, त्याला नाही' असं पुढचं वाक्य जोडलं तर कदाचित तीही सुटेल. तुम्हाला कसं वाटतं?

सातारकर
मला अजूनही कानाला खटकतं.

दोन_पोरांची_आई
मला नाही खटकलं. आमच्याकडे रात्री हेच भांडण असतं 😄

मास्तर
एवढं सगळं मान्य केलं तरी विशेषण नामापासून सुटत नाही ना? तिथे तरी नियम आहे.

दोन_पोरांची_आई
सर, मी वाण्याला रोज सांगते, "दूध गाईचं द्या." "भाकरी बाजरीची करा" हे सासूबाईंना. 'गाईचं दूध द्या' म्हटलं तर तो कुठलीही पिशवी हातात ठेवतो!

मास्तर
हं. हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. वर्गात मी हे वाक्य कापून 'गाईचे दूध द्या' असं केलं असतं.

कॉपीडेस्क
आणि माझ्या टेबलावर येणाऱ्या बातम्यांत नेमकं हेच कापलं जातं. एकदा आलेली ओळ: 'हा निर्णय मुख्याध्यापकांनी पालकांच्या तक्रारींनंतर झालेल्या बैठकीत घेतला.' पुढची सगळी बातमी संस्थाचालकांना न विचारता मुख्याध्यापकांनी हे केलं, यावर होती. पण या ओळीत जोर 'बैठकीत' वर आहे, जणू वाद जागेचा आहे. मी एवढंच केलं: 'पालकांच्या तक्रारींनंतर झालेल्या बैठकीत हा निर्णय मुख्याध्यापकांनी घेतला.' एक शब्द वाढला नाही, एक घटला नाही. जोडीला एक ताडून बघायची युक्ती: वाक्यापुढे मनात '..., अमक्याने नाही' जोडून बघा. 'मुख्याध्यापकांनी घेतला, संस्थाचालकांनी नाही' नीट जुळतं. मूळ ओळीला ते जोडायला गेलात तर 'बैठकीत घेतला, संस्थाचालकांनी नाही' असं वेडंवाकडं होतं.

बी-३०४
नवी नोटीस लिहिली, पुढच्या सफाईसाठी आत्ताच: "टाकीच्या सफाईमुळे सोमवारी सकाळी ८ ते १२ या वेळेत पाणी बी विंगचं बंद राहील. ए विंगला नेहमीसारखं येईल." दूध गाईचं, पाणी बी विंगचं. सेक्रेटरींना वाचून दाखवली, ते म्हणाले, "'बी विंगचं पाणी' असं नीट लिहा की!"

नळदुरुस्ती
पण लिफ्टमध्येच लावा.