आठवड्याचा बेत आणि घाऊक किराणा: खर्च खरंच उतरतो का?

जमाखर्च_वही
भाडं, हप्ते, फी यांना हात लावता येत नाही. उरलेल्यात सगळ्यात मोठा आकडा खाण्याचा. म्हणून दोन महिने आठवड्याचा बेत आधी लिहितोय आणि किराणा मोठ्या पिशव्यांत आणतोय. खर्च मात्र होता तिथेच आहे. चुकतंय कुठे?

भरलेले_डबे
मोठं पाकीट नेहमी स्वस्तच पडतं. किलोमागे दर काढा, कमी दिसला की उचला. आमच्याकडे वर्षानुवर्षं हेच चाललंय.

खडूस_गणिती
दर काढायचा हे बरोबर, पण 'नेहमी' नको. छोट्या पाकिटावर सूट लागली की हिशोब उलटतो, आणि मोठ्या पाकिटाची किंमत घरी आल्यावरही बदलत राहते.

किलोला १०० धरा. सुटं ५ किलो ५०० ला, एकत्र पिशवी ४२५ ला, म्हणजे १५ टक्के स्वस्त. आता त्यातलं पाऊण किलो खराब होऊन टाकलं, तर वापरात आलं सव्वाचार किलो, आणि तेवढं सुटं घेतलं असतं तरी ४२५ च लागले असते. वाचलं शून्य. जेवढे टक्के सूट, तेवढे टक्के नासाडी झाली की संपलं.

दुसरी गळती दिसत नाही, कारण त्यात काही फेकलं जात नाही. घरात भरपूर असलं की हात सैल सुटतो. पूर्वी ५ किलो ४० दिवस पुरायचं, आता ३४ दिवसांत संपतं. ५०० भागिले ४० म्हणजे रोजचे साडेबारा, ४२५ भागिले ३४ म्हणजेही साडेबाराच! तुमचं बहुधा इथेच अडलंय. पिशवी फोडली ती तारीख डब्यावर लिहा आणि संपेल त्या दिवशी दिवस मोजा. एवढ्यानेच कळेल.

एकटा_जीव
मी एकटा राहतो. तेलाचा मोठा डबा आणला, अर्ध्यावर वास यायला लागला. त्यामुळे घाऊक या शब्दाचाच मला राग आहे. आणि पोट मारून पैसे वाचवण्यात काय अर्थ?

खडूस_गणिती
पोट मारायला कोणी सांगितलेलं नाही हो. पण तेलाचा मुद्दा खरा आहे. तेल उघडल्यावर हवा, उजेड आणि उष्णता मिळून ते खवट करतात. सालासकट दळलेल्या पिठाचंही तेच, कारण कोंड्या-अंकुरातलं तेल त्यात उतरतं. अख्खं धान्य, कडधान्य, मीठ, साखर कोरडी राहिली तर खूप टिकतात. कडधान्य जुनं झालं की शिजायला वेळ घेतं, म्हणजे इंधन जातं, एवढंच. एकट्याने घाऊक घ्यायचं ते या शेवटच्या यादीतलं.

दुपारची_पाळी
माझा विरोध मुळातच आहे. घाऊक-बिऊक सगळं दुय्यम. आमच्या घरी महिनाभर टिपून ठेवलं, तेव्हा दिसलं की किराणा जवळपास ठरलेलाच असतो, उड्या मारतो तो बाहेरून मागवलेल्या जेवणाचा आकडा. आणि मागवणं कधी होतं? थकून घरी आल्यावर, फ्रीज भरलेला असताना! लवचीक खर्च म्हणतात तो हा.

बेताचा उपयोग इथे होतो, पण सातही दिवस लिहून नाही. आम्ही पाचच रात्री लिहितो. एक रात्र उरलेल्याची, एक मोकळी. थकव्याच्या दिवशी वीस मिनिटांत होणारं काहीतरी, आणि त्याचं सामान कायम घरात. लवकर नासणारी भाजी पहिल्या दोन दिवसांत, कंदमुळं शेवटी. शिजवलेलं फ्रीजमध्ये तीन-चार दिवसांच्या वर ठेवत नाही, म्हणून उरलेल्याची रात्र मधोमध येते.

भरलेले_डबे
म्हणजे घाऊक बंद करायचं? कीड लागते म्हणत असाल तर धान्य चारेक दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, अंडीसुद्धा मरतात. मग हवाबंद डब्यात.

दुपारची_पाळी
फ्रीझरमध्ये पिशवी मावली तर! आणि ती बाहेर काढून दमट हवेत लगेच उघडली तर पाणी धरतं, ते वेगळंच. खोलीच्या तापमानाला आल्यावर उघडा.

जमाखर्च_वही
आत्ताच दोन महिन्यांच्या नोंदी बघितल्या. बाहेरचं खाणं फारसं वाढलेलं नाही. पण बेत लिहिण्याआधी घरात काय आहे ते मी कधी बघितलंच नव्हतं. फडताळात एकाच डाळीची तीन उघडी पाकिटं निघाली. शिवाय बेतातल्या एकेका पदार्थासाठी आणलेल्या चार बाटल्या, प्रत्येकी दोन चमचे वापरलेल्या.

खडूस_गणिती
बाटल्या! पाककृती शोधून त्यावरून यादी केली की हे होतंच. आधी फडताळ, मग बेत, शेवटी यादी. तरी डब्यावर तारीख लिहाच, कारण हातसैलपणा फडताळात सापडत नाही.

एकटा_जीव
आणि यादी करायला जो तास जातो त्याचं मोल कोणी धरतंय का?

दुपारची_पाळी
आम्हाला वीस मिनिटं लागतात. पण भांडणं धरली तर तासभर होतो खरा.